रात्री बसस्टॉपवरून घरी चालत जाताना कोणता रस्ता धरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका आहे. दुसरी पाळी संपवून, कपडे बदलून, बस पकडून सिंहगड रोडवर उतरते तेव्हा रात्रीचे सव्वादहा वाजलेले असतात. घर कालव्याच्या पलीकडे. सतरा वर्षं हे अंतर पायी चालते आहे. नव्याने नोकरीला लागलेल्या मुली, क्लासहून उशिरा येणाऱ्या मुलांचे आईवडील, आमच्या गल्लीत नुकतीच राहायला आलेली मंडळी मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. ठिकाण आमचं आहे, पण रस्ता पारखायची रीत तुमच्या स्टॉपलाही लागू पडेल.

जवळचा रस्ता अंधाराचा आणि लांबचा उजेडाचा असेल, तर कोणता घ्यायचा?

उजेडाचा. पण त्यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे कंटाळून एखाद्या रात्री जवळच्या वाटेने जाण्याचा मोह होणार नाही.

आमच्या स्टॉपवरून दोन वाटा फुटतात. पहिली गॅरेजशेजारच्या बोळातून सरळ मुठा उजव्या कालव्यापर्यंत जाते, मग कालव्याच्या कडेने जाऊन लहान पूल ओलांडला की आमची गल्ली. सुमारे ६५० मीटर, ९ मिनिटं. दुसरी वाट मोठ्या रस्त्याने चौकापर्यंत, तिथून वळून मोठ्या पुलावरून आणि मग सोसायट्यांमधून. ती १,०५० मीटर भरते, १४ मिनिटं लागतात. म्हणजे फरक फक्त पाच मिनिटांचा. दमलेल्या पायांना तो खूप वाटतो, हे मला माहीत आहे.

पण मी पूर्ण रस्त्याची मिनिटं मोजत नाही. जिथे हाक मारली तर ऐकणारं कोणी नाही आणि वळायला दारही नाही, अशी सलग मिनिटं किती, तेवढंच मोजते. कालव्याच्या वाटेवर ती सलग चार मिनिटं आहेत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधकामाच्या साइटला मारलेले उंच पत्रे. समोरून कोणी आलं तर मागे फिरण्याशिवाय काही करता येत नाही, आणि मागूनही कोणी येत असेल तर तेही नाही. लांबच्या रस्त्यावर असा सर्वांत मोठा टप्पा म्हणजे पूल, आणि तो दीड मिनिटात संपतो. पुलावर वाहनं चालू असतात. मग चौदा मिनिटांची वाट नऊ मिनिटांच्या वाटेपेक्षा खरं तर लहान ठरते.

तुमच्या दोन्ही वाटांचा असा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. बऱ्याच वेळा निर्णय आपोआप होतो.

उजेड पुरेसा आहे हे कसं ओळखायचं? दिवे तर सगळीकडेच असतात.

सोपी परीक्षा आहे. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दहाएक पावलांवरून ओळखू येतो का ते बघा. नुसती आकृती दिसून उपयोग नाही. डोळे कुठे बघताहेत, हातात काय आहे, ओळखीचा की अनोळखी, हे कळलं पाहिजे. दहा पावलांवर कळलं तर रस्ता ओलांडायला किंवा थांबायला वेळ मिळतो. तीन पावलांवर कळलं तर काहीच करता येत नाही.

दुसरी गोष्ट, उजेड सारखा पसरलेला हवा. रस्त्यांच्या दिव्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १९४४. त्यात वस्तीतल्या लहान रस्त्यांना सरासरी ४ ते ८ लक्स उजेड पुरेसा धरला आहे. हा काही फार नाही, घरातल्या बैठकीच्या खोलीत याच्या कितीतरी पट असतो. पण त्याच मानकात असंही आहे, की सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या तीन दशांशापेक्षा कमी नसावा. घोडं पेंड खातं ते इथे. एका खांबाखाली लख्ख उजेड, पुढचा खांब बंद, मग पुन्हा लख्ख, असा रस्ता मंद पण सलग उजेडाच्या रस्त्यापेक्षा वाईट. लख्ख उजेडातून अंधारात शिरताना डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. अंधारात उभ्या असलेल्याला मात्र तुम्ही स्पष्ट दिसता.

तिसरी, दिवा डोळ्यांत येतो का ते बघा. आमच्या वाटेवरच्या एका साइटच्या फाटकावर मोठा फोकस लावला होता. सगळे म्हणायचे, आता बरं झालं, केवढा उजेड पडला. प्रत्यक्षात त्या फोकसच्या मागे काय आहे ते अजिबात दिसायचं नाही. परीक्षा अशी करायची: हात लांब करून तळव्याने तो दिवा झाका. झाकल्यावर त्याच्या आजूबाजूचं जास्त दिसायला लागलं, तर तो दिवा तुम्हाला दाखवत नाही, आंधळं करतो आहे. आम्ही साइटच्या मुकादमाला विनंती केली आणि त्याने फोकसचं तोंड खाली जमिनीकडे वळवलं. एका पान्याचं काम होतं.

चौथी गोष्ट झाडं. दिवा सहा-सात मीटरवर आणि गुलमोहराचा पसारा चार मीटरवर, म्हणजे सगळा उजेड पानांच्या वर. अशा ठिकाणी खाली मान घालून बघा, रस्त्यावर पानांच्या सावल्यांची जाळी दिसते. या जाळीत खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही. पानगळीच्या दिवसांत ठीक असलेला रस्ता श्रावणात काळोखा होतो तो यामुळेच.

रस्त्यावर उजेड आहे पण चिटपाखरू नाही. तो सुरक्षित म्हणायचा का?

अर्धाच. उजेडाचा उपयोग बघणारं कोणी असेल तेव्हा. म्हणून मी दिव्यांबरोबर उघडी दारं मोजते: मेडिकल, वडापावची गाडी, इस्त्रीवाल्याची टपरी, ज्याच्या केबिनमध्ये वॉचमन खरोखर बसलेला असतो अशी सोसायटी. तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्या रस्त्याकडे उघडत असतील तर तीही जमेची बाजू. उंच कंपाउंडच्या भिंती दोन्हीकडे असतील तर चाळीस मजले असले तरी त्या रस्त्यावर कोणाचंच लक्ष नसतं.

आणि दारं वेळेवर बंद होतात, हे विसरू नका. आमच्याकडे डेअरी नऊला बंद होते, इस्त्रीवाला साडेनऊला, गाडी दहाच्या आसपास, मेडिकल साडेदहाला. म्हणजे सव्वादहाला माझा रस्ता चांगला आहे. तोच रस्ता पावणेअकराला वेगळा असतो. एखाद्या दिवशी पुढच्या पाळीची मुलगी उशिरा आली आणि मला तासभर थांबावं लागलं, तर मी हा रस्ता धरतच नाही, पुढच्या चौकापर्यंत बसमध्ये बसून राहते. स्टॉप एक पुढचा, चालणं जरा जास्त, पण त्या चौकात रिक्षास्टँड आहे आणि तिथे बारापर्यंत माणसं असतात. एक स्टॉप पुढे किंवा मागे उतरणं हा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही. आपला स्टॉप म्हणजे घराच्या सर्वांत जवळचा, असं आपण ठरवून टाकलेलं असतं.

नव्या ठिकाणी राहायला आलो आहोत. रस्ता कसा ठरवावा?

एकदा दिवसा चाला आणि एकदा तुम्ही रोज ज्या वेळेला उतरणार त्याच वेळेला, सोबत कोणाला तरी घेऊन. नकाशावर निळी रेघ दिसते ती सर्वांत कमी अंतराची असते. कुठला दिवा बंद आहे, कुठे पत्रे मारले आहेत, हे तिला माहीत नसतं.

दिवसा जमीन बघायची: उघडं चेंबर, तुटलेली फरशी, केबलसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर, फुटपाथवर कुठे डीपी किंवा टपरी आल्यामुळे रस्त्यावर उतरावं लागतं. रात्री माणसं आणि उजेड बघायचा. माझ्या भाचीला रस्ता दाखवला तेव्हा आम्ही एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहिल्या: बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक, दहानंतर उघडी असलेली दारं, आणि जिथे माणूस आडोशाला उभा राहिला तर दिसणार नाही अशा जागा. बंद टपरीची मागची बाजू, पुलाच्या कठड्याचा कोपरा, उभ्या टेम्पोंची रांग. अशा जागेपाशी भिंतीला खेटून वळायचं नाही, रस्त्याच्या मध्याकडून मोठं वळण घ्यायचं.

वॉचमनकाका, मेडिकलवाले, गाडीवाल्या ताई यांच्याशी दिवसाउजेडी ओळख करून घ्या. "मी इथे अमुक बिल्डिंगमध्ये राहते, रोज या वेळेला जाते" एवढं सांगितलं तरी पुरे. मी एकदा चार दिवस रजेवर होते तर गाडीवाल्या ताईंनी पाचव्या दिवशी विचारलं, बरं नव्हतं का म्हणून.

बसमधून उतरताना काय लक्षात ठेवायचं?

एक स्टॉप आधी फोन पिशवीत ठेवा, किल्ली हाताशी येईल अशा खिशात घ्या, पर्सची चेन लावा. हे सगळं बसच्या उजेडात करायचं, स्टॉपवर उभं राहून नाही. कोण कोण उतरतंय ते बघा. रोजच्या बसला रोजचीच माणसं असतात. आमच्या स्टॉपवर आम्ही तिघी आणि एक काका उतरतो. पुलापर्यंत एकत्र चालतो, बोलतो असंही नाही. कोणी उतरलं नाही तर मी कंडक्टरला विचारते, मागची गाडी किती वेळात आहे. पाच-सात मिनिटांत असेल तर स्टॉपच्या दिव्याखाली, मेडिकलच्या पायरीपाशी थांबते आणि तिच्यातून उतरणाऱ्यांबरोबर निघते.

उतरल्यावर लगेच चालू लागू नका. बस निघून जाईपर्यंत तिच्या आडून रस्ता दिसत नाही. ती गेली की दोन्हीकडे बघा आणि मग निघा. आधी रस्ता ओलांडायचाच असेल तर बसच्या पुढून कधीही ओलांडू नये, मागून येणाऱ्या दुचाकीला तुम्ही दिसतच नाही.

फोनचा टॉर्च लावावा का? फोनवर बोलत जाणं बरं की वाईट?

टॉर्च जमिनीकडे, पावलांच्या दोन-तीन हात पुढे. समोर धरलात तर समोरच्याला त्रास आणि तुम्हाला टॉर्चच्या झोतापलीकडचं काही दिसत नाही. उजेड चांगला असेल तिथे बंदच ठेवा.

स्क्रीनबद्दल मात्र मी आग्रहाने सांगते. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना वेळ लागतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडं दिसायला लागतं, पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं. तुम्ही मध्येच एक मेसेज वाचलात की ही कमाई बरीचशी पुसली जाते. चौदा मिनिटांच्या रस्त्यात तीनदा फोन बघितला तर सगळा रस्ता अर्धवट नजरेने चाललात असं समजा.

फोनवर बोलत जाण्याचं दोन्ही बाजूंनी सांगता येईल. कोणीतरी पलीकडे आहे याने धीर येतो, पण बोलण्यात लक्ष गुंतलं की मागची पावलं ऐकू येत नाहीत. मी घरी उतरल्याचा फोन करते, "उतरले, पुलावरून येते" एवढं सांगते आणि ठेवते. घरच्यांना वेळ माहीत असते. वीस मिनिटांत दाराची बेल वाजली नाही तर मुलगा फोन करतो आणि पुलाच्या दिशेने निघतो. कोणत्या रस्त्याने येणार हे सांगणं महत्त्वाचं, नाहीतर शोधणारा भलत्याच वाटेला जातो. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू नये, एवढं तर सगळ्यांनीच पाळावं.

कोणीतरी मागे येतंय असं वाटलं तर?

आधी खात्री करून घ्या, पण घरापर्यंत जाऊन नाही. रस्ता ओलांडा. तोही ओलांडतो का बघा. चाल जरा मंद करा. सरळ घरी निघालेला माणूस तुमच्या पुढे निघून जातो. दोन्ही वेळा तो तुमच्याच मागे राहिला, तर घराकडे वळायचं नाही. जे उघडं दार सर्वांत जवळ असेल तिथे जायचं, ते मागच्या बाजूला असलं तरी. आणि तिथल्या माणसाला स्पष्ट सांगायचं: "काका, हा माणूस माझ्यामागे येतोय, मी इथे थांबते." लाजायचं नाही. चूक निघाली तर त्या माणसाचं काही बिघडत नाही.

माझ्यावर ही वेळ एकदाच आली, आणि मी तेव्हा कालव्याच्या वाटेने निघाले होते. पावसाची भुरभुर सुरू झाली होती, पाच मिनिटं वाचतील म्हणून बोळात शिरले. एक मोटारसायकल शेजारून पुढे गेली, दोघं बसलेले. थोडं पुढे जाऊन वळली, परत माझ्या शेजारून गेली, आणि मागे थांबल्याचा आवाज आला. इंजिन चालूच होतं. पत्रे संपायला अजून दोन मिनिटं होती. मी पळाले नाही, पळून जायला जागाच नव्हती. मोठ्याने, अगदी नळावर भांडावं तशा आवाजात, फोन कानाला लावून म्हटलं, "हो, मी पत्र्यांपाशी आहे, पुलावर या दोघं, या लवकर." फोन लागलेलाच नव्हता. मोटारसायकल निघून गेली. कदाचित ती मुलं पत्ता शोधत असतील, मला कधीच कळणार नाही. पण त्या दोन मिनिटांनंतर पुलावर आले तेव्हा गुडघे थरथरत होते, आणि त्या रात्रीपासून मी ती वाट सोडली ती सोडलीच.

प्रत्यक्ष धोका वाटला तर ११२ लावा. पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी हा एकच क्रमांक आहे. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा, काहींवर पाचदा दाबलं की तातडीचा फोन लागतो, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की. तुमच्या फोनवर नेमकं काय आहे ते आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा. बोलताना आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. कॉल मध्येच तुटला तरी ठिकाण पोचलेलं असतं. जवळच्या खांबावरचा क्रमांक वाचून सांगता आला तर फार उत्तम.

पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. जिथे घडलं त्याच हद्दीच्या चौकीत जावं लागतं असं नाही, कुठल्याही पोलिस ठाण्यात तक्रार घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात.

रस्त्यावरचे दिवे बंद आहेत. तक्रार कुठे आणि कशी करायची?

इथे लोकांची सर्वांत जास्त दमछाक होते, कारण चुकीच्या दारात जातात. रस्त्याचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाकडे, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्यांच्याकडे. वीजपुरवठा महावितरणचा. मग बिघाड कोणाचा, ते रस्त्यावर उभं राहूनच बरचसं कळतं.

घरांतले आणि रस्त्यावरचे असे सगळेच दिवे गेले असतील तर पुरवठा गेला आहे, महावितरणला कळवा, क्रमांक १९१२. घरांत वीज आहे पण सगळी ओळच्या ओळ बंद आहे, तर दिव्यांच्या ओळीला वीज देणाऱ्या पेटीत किंवा तिच्यातल्या टायमरमध्ये दोष आहे. ओळीतला दर तिसरा दिवा बंद असेल तर बल्ब गेलेले नाहीत, एक फेज गेली आहे, कारण दिवे तीन फेजवर आळीपाळीने जोडलेले असतात. एकच दिवा बंद असेल तर तो दिवाच गेला. पिवळा सोडियमचा दिवा लागतो, विझतो, थोड्या वेळाने पुन्हा लागतो, असं चाललं असेल तर त्याचं आयुष्य संपत आलं आहे. वायरमन दिवसा आला तर तो बंदच दिसणार आणि रात्री आला तर चालू, म्हणून "अधूनमधून विझतो" हे लिहायला विसरू नका.

तक्रार लिहिताना "आमच्या भागात अंधार आहे" असं लिहिलं तर कामगार कुठे जाणार? आम्ही केलेली तक्रार अशी होती: "मोठ्या पुलापासून शाळेच्या फाटकापर्यंत, खांब क्रमांक ११, १४ आणि १७ बंद. मधले चालू. घरांत वीज आहे. रात्री ९ वाजता पाहिले." सोबत खांबाचा क्रमांक दिसेल असा फोटो. हे वाचून दर तिसरा दिवा बंद आहे हे वायरमनच्या लगेच लक्षात आलं, तो बल्ब न आणता पेटी उघडायच्या तयारीने आला. त्याआधीच्या दोन तक्रारींत आम्ही नुसतं "दिवे बंद" लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कोणीतरी येऊन एक बल्ब बदलून गेलं होतं. तक्रारीचा क्रमांक मात्र जपून ठेवा, पाठपुरावा त्याशिवाय होत नाही.

दिवा झाडात अडकलेला असेल तर स्वतः कोयता घेऊ नका. शहरात झाड छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्यान विभागाकडे अर्ज करा, फांद्यांमुळे कोणत्या क्रमांकाचा दिवा झाकला गेला आहे ते लिहा. पावसाळ्याआधी केला तर बरं, कारण पालवी त्यानंतर वाढते.

पावसाळ्यात वेगळं काय?

पाणी साचलेल्या रस्त्यावरून चालूच नये, लांब वळसा पडला तरी. पाण्याखाली चेंबर उघडं आहे की बंद, हे कळायला मार्ग नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत पावसात घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. त्यांचं घर जवळच होतं. पाण्यातून जाण्याखेरीज इलाजच नसेल तर छत्री मिटून काठीसारखी पुढे टेकवत जा, आणि जिथून पुढचा माणूस नुकताच गेला तिथूनच जा.

दिव्यांच्या खांबाला, डीपीला, होर्डिंगच्या लोखंडाला पावसात हात लावायचा नाही. तोल गेला तरी खांब धरायचा नाही, हे मुलांना पुन्हापुन्हा सांगा. काळी छत्री आणि काळा रेनकोट वाहनचालकाला दिसत नाही. फिक्या रंगाचा घ्या, पिशवीला चमकती पट्टी शिवून टाका, पन्नास रुपयांत मिळते. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळच्या बाजूची वाहनं समोरून येतात आणि तुम्हाला दिसतात.

मोकाट कुत्री अंगावर येतात. रस्ता बदलावा का?

टोळी कायमची एकाच ठिकाणी, कचराकुंडीपाशी किंवा मटणाच्या दुकानामागे असेल, तर हो, बदला. एरवी पळू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका, पिशवी त्यांच्या आणि तुमच्या मध्ये धरा आणि हळूहळू बाजूला सरका. चावलंच किंवा नुसता दात लागून ओरखडा उठला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मी वॉर्डात असताना "छोटासाच ओरखडा होता" हे वाक्य ज्या घरच्यांच्या तोंडून ऐकलं आहे, ते मला विसरता येत नाही.

वडील सत्तरीचे आहेत, संध्याकाळच्या बसने येतात. त्यांना हाच रस्ता सांगू का?

त्यांच्या डोळ्यांनी बघून मग सांगा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. तुम्हाला ठीक वाटणारा रस्ता त्यांना काळोखा वाटतो, आणि मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीचा हेडलाइट पडल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. त्यांच्यासाठी माणसांच्या वर्दळीपेक्षा सपाट जमीन आणि सलग उजेड आधी बघा. पायऱ्या आणि उंचसखल फुटपाथ असलेला जवळचा रस्ता टाळा. बाबांना चष्मा बदलून किती दिवस झाले, तेही विचारा.

गावी फाट्यावर एसटीतून उतरलो की दिवेच नसतात. तिथे काय करायचं?

डांबरी रस्ता धरा, शेताच्या बांधावरची पायवाट नको. गावाकडे रात्री मुख्य धोका सापाचा असतो. घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप रात्री फिरतात, आणि घोणस पाऊलवाटेच्या पाचोळ्यात दिसत नाही. इथे फोनचा टॉर्च कमी पडतो, साधी बॅटरी जवळ ठेवा, पायांत चप्पल न घालता घोटा झाकणारे बूट घाला, आणि टॉर्च सतत पुढच्या पावलावर. साप चावला तर बांधायचं, कापायचं, चोखायचं काही नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं, विषावरचं इंजेक्शन तिथे असतं. शेवटच्या एसटीला येणार असाल तर आधीच कळवा, फाट्यावर कोणीतरी मोटारसायकल घेऊन येतंच. माझा भाऊ आजही येतो, आणि बस लांबून दिसली की हेडलाइट दोनदा मारतो.